बिल क्रमांक १४७: धाकट्या फाउंड्रीचे बिल थोरल्या फाउंड्रीला गेले तेव्हा

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाच माणसांचे एक छोटे डिझाइन कार्यालय आहे. फाउंड्रीत पॅटर्न बनवण्याआधी जे त्रिमितीय मॉडेल आणि ड्रॉइंग लागते, म्हणजे श्रिंकेज, मशीनिंगसाठी सोडायची जाडी आणि कोअर प्रिंट धरून केलेले काम, ते हे कार्यालय करून देते. महिन्यातून चार दिवस मी तिथले हिशेब पाहते. पुढे दिलेला प्रसंग ऑक्टोबर २०२५ च्या अखेरचा, दिवाळीनंतरच्या आठवड्यातला आहे. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून दोन्ही ग्राहकांना मी त्यांच्या आकारावरून थोरली फाउंड्री आणि धाकटी फाउंड्री असे म्हणणार आहे. दोघीही पंपांची कास्टिंग करतात, दोघीही कोल्हापूर परिसरातल्याच आहेत, आणि एकीचे काम अनेकदा दुसरीकडून हिसकावलेले असते.

थोरलीशी ठरलेला दर एका ड्रॉइंग संचाला १४,५०० रुपये आहे आणि धाकटीशी १२,००० रुपये. धाकटीचा दर कमी असण्याला कारण आहे: कार्यालय सुरू झाले तेव्हा पहिली ऑर्डर तिनेच दिली होती आणि ती आजही काम हातात पडल्यावर पैसे थकवत नाही. हा फरक थोरलीला माहीत नाही. या सगळ्या प्रकरणाची कळ या एका गोष्टीत आहे.

गुरुवारी, ३० ऑक्टोबरला, धाकटीचे सहा संच पूर्ण झाले. बिले करणाऱ्या मुलीने टॅलीमध्ये थोरलीचे ताजे बिल उघडून त्याची नक्कल काढली, पार्टीचे नाव बदलले, संख्या बदलली, तपशील बदलला. दर मात्र थोरलीचाच राहिला. तयार झालेले बिल होते PD/25-26/147. त्याची छापील प्रत आणि पेन ड्राइव्ह घेऊन ऑफिसचा पोऱ्या संध्याकाळी धाकटीकडे पोहोचवून आला. मेल पाठवतानाही तिने तेच केले. थोरलीला पाठवलेला जुना मेल उघडला, मजकूर आयता मिळावा म्हणून त्यालाच रिप्लाय केला, फाइल जोडली, आणि पत्ता बदलायच्या आधीच पाठवण्याचे बटण दाबले गेले. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्यासाठी जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, तेही आधी सेटिंगमध्ये वेळ वाढवून ठेवली असेल तर. चूक लक्षातच आली नव्हती, त्यामुळे ती सोयही उपयोगाची नव्हती.

नक्कल काढून नवे बिल करणे ही सगळ्यांचीच सवय आहे आणि ती सोडा असे मी कोणाला सांगणार नाही. मात्र एकाच सवयीने एका दुपारी दोन वेगळ्या चुका झाल्या: बिलाची रक्कम चुकली आणि बिलाचा पत्ताही चुकला. त्या दोन चुकांची झळ दोन वेगळ्या माणसांना बसणार होती.

चूक कळली कशी

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास धाकटीच्या मालकांचा फोन आला. त्यांनी विचारले, "काय ओ, न सांगता रेट वाढवलासा?" आमच्या मालकांनी बिल स्क्रीनवर उघडले आणि चूक त्यांच्या लगेच लक्षात आली. सहा संचांचे १४,५०० प्रमाणे ८७,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १५,६६०, म्हणजे एकूण १,०२,६६० रुपये असे ते बिल होते. योग्य हिशेब १२,००० प्रमाणे ७२,०००, त्यावर १२,९६० जीएसटी, म्हणजे एकूण ८४,९६० असा होता. फरक १७,७०० रुपयांचा होता आणि त्यातले २,७०० रुपये कराचे होते.

इथपर्यंत प्रकरण साधे होते. फोन ठेवता ठेवता आमचे मालक म्हणाले, "मेलवरची प्रत पण बाजूला ठेवा, नवीन पाठवतो," आणि त्यावर उत्तर आले, "मेल कुठला? मेल आलाच न्हाई." मी त्या दिवशी ऑफिसात होते. धाकटीचा मेल कधी अडकत नाही, म्हणून मी पाठवलेल्या मेलची यादी उघडायला लावली. तिथे ५ वाजून ४२ मिनिटांनी गेलेला मेल होता, थोरलीच्या लेखा विभागाच्या पत्त्यावर, आणि त्याचा विषय होता 'Re: PD/25-26/141'.

म्हणजे थोरलीच्या दृष्टीने चित्र असे होते की, तिच्या स्वतःच्या १४१ क्रमांकाच्या बिलाच्या संभाषणात आमच्याकडून आणखी एक फाइल आली आहे. तिथल्या कारकुनाने फाइल न उघडता नुसता विषय वाचला असता, तर १४१ चे काहीतरी दुरुस्त होऊन आले आहे असे समजून त्याने १४१ चे पैसे थांबवले असते. फाइल उघडली असती तर प्रतिस्पर्ध्याचे नाव, जीएसटी क्रमांक, कोणत्या पंपाच्या इम्पेलरचे काम चालू आहे ते, आणि धाकटीच्या मूळ ग्राहकाचा ड्रॉइंग क्रमांक, हे सगळे एका पानावर दिसले असते. दर मात्र दिसला असता तो १४,५००, म्हणजे थोरलीचाच. आमच्या एका चुकीने दुसरी चूक झाकली होती, हे मला बिल दोनदा पाहिल्यावर लक्षात आले.

पाठवता पाठवता राहिलेला मेल

मी सीएंना फोन लावत असताना बिले करणारी मुलगी घाबरून कामाला लागली होती. तिने टॅलीत १४७ उघडून दर दुरुस्त केला होता, नवी फाइल काढली होती, थोरलीला गेलेल्या मेललाच पुन्हा रिप्लाय केला होता, धाकटीचा पत्ता प्रतीत टाकला होता आणि लिहिले होते:

> नमस्कार, काल पाठवलेल्या बिलात तांत्रिक कारणाने चूक झाली आहे. सोबत दुरुस्त बिल जोडले आहे. आधीचे बिल दुर्लक्षित करावे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

वाचायला हा मेल सभ्य आहे आणि असे मेल रोज शेकड्याने जातात. तो गेला असता तर थोरलीला धाकटीचा १२,००० चा दर कळला असता, जो चुकीच्या बिलात नव्हता. धाकटीला आपले बिल कोणाकडे गेले ते मेलच्या पत्त्यांवरूनच कळले असते, तेही आमच्याकडून एक शब्द ऐकण्याआधी. चुकीच्या माणसाकडे बिल गेले असेल तर दुरुस्त प्रत त्याला कधीही पाठवायची नसते, हे सांगितले की पटते. पण हात थरथरत असताना माणूस ज्या संभाषणात चूक झाली तिथेच ती निस्तरायला जातो. त्यामुळे आमचे पहिले काम कीबोर्डवरून हात काढायला लावणे हे ठरले.

'तांत्रिक कारणाने' हे शब्दही मी खोडले. कारण तांत्रिक नव्हते, आणि धाकटीचे मालक स्वतः टॅली वापरतात. दर आपोआप बदलत नाही हे त्यांना माहीत आहे. खोटे वाटेल असे एक कारण दिले की खऱ्या आकड्यावरही शंका येते.

तोच क्रमांक की नवा

मेल लिहिण्याआधी सोबत कोणता कागद जोडायचा ते ठरवणे भाग होते, कारण मेलचे शब्द त्या कागदावर अवलंबून असतात. मुलीने १४७ मध्येच दर बदलला होता. म्हणजे धाकटीच्या टेबलावर १,०२,६६० चे १४७ आणि मेलवर ८४,९६० चे १४७, अशी एकाच क्रमांकाची दोन बिले झाली असती. सहा महिन्यांनी दोन्ही कोणाच्या हाती पडली, तर खरे कोणते हे क्रमांकावरून ठरवता आले नसते. अशा वेळी लोक वर 'रिव्हाइज्ड इनव्हॉइस' असे लिहून मोकळे होतात. जीएसटी कायद्यात त्या नावाचा कागद आहे, पण तो नव्याने नोंदणी झालेल्या व्यावसायिकाने नोंदणी मिळण्याआधीच्या काळातील बिलांसाठी काढायचा असतो. दर चुकला म्हणून काढायचा नसतो.

सीएंनी दोन मार्ग सांगितले. बिल ग्राहकाच्या हाती पडलेले आहे आणि रक्कम जास्त लागली आहे, त्यामुळे कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे जास्तीच्या १५,००० वर आणि त्यावरच्या २,७०० करावर क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, काढणे हा काटेकोर मार्ग. धाकटीने बिल हिशेबात घेतले असेल किंवा आमचे त्या महिन्याचे जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरून झाले असेल, तर हाच मार्ग धरायचा. तसे नसेल, म्हणजे ग्राहकाने नोंद केलेली नसेल, मूळ प्रत परत मिळत असेल आणि विवरणपत्र अजून भरायचे असेल, तर १४७ रद्द करून त्याच कामाचे नव्या क्रमांकाचे बिल देणे हा व्यवहारात चालणारा, कमी कागदांचा मार्ग. आमचे विवरणपत्र दरमहा भरले जाते आणि ऑक्टोबरच्या विवरणाची मुदत ११ नोव्हेंबर होती. धाकटीच्या मालकांना पुन्हा फोन करून विचारले तेव्हा कळले की, रेट बघूनच त्यांनी बिल ट्रेमध्ये अडकवून ठेवले होते आणि नोंद झालेली नव्हती. आम्ही दुसरा मार्ग घेतला. माझे मत विचाराल तर शंका असेल तिथे क्रेडिट नोटच बरी. एक कागद जास्त होतो, पण काय घडले ते कागदांवरूनच वाचता येते.

टॅलीत मुलीने बदललेले १४७ मूळ रकमेवर परत आणले आणि मग ते Alt+X ने रद्द केले. Alt+D ने खोडले नाही. रद्द केलेले बिल क्रमांकासह यादीत राहते. खोडलेले नाहीसे होते, आणि क्रमांक आपोआप पडण्याची सेटिंग तशी ठेवलेली असेल तर नंतरच्या बिलांचे क्रमांकही एकेक पायरी खाली सरकतात. गुरुवारी संध्याकाळी १४८ आणि १४९ ही दोन बिले इतर ग्राहकांना गेलेली होती. ती सरकली असती तर एका चुकीच्या जागी तीन ग्राहकांची माफी मागावी लागली असती. नवे बिल PD/25-26/150 असे, ३१ ऑक्टोबरच्या तारखेने काढले. महिना तोच राहिल्यामुळे कर कोणत्या महिन्यात दाखवायचा हा प्रश्न उरला नाही.

उलाढाल ५ कोटींवर असलेल्या व्यावसायिकाला ई-इनव्हॉइस लागू असते आणि तिथे ही सवड नसते. पोर्टलवर नोंदलेले बिल तिथून रद्द करायला २४ तासच मिळतात आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. आमचा फोन शुक्रवारऐवजी शनिवारी आला असता आणि कार्यालय तेवढ्या उलाढालीचे असते, तर क्रेडिट नोटीशिवाय गत्यंतर नव्हते.

थोरलीला गेलेला मेल

थोरलीला मेल आधी पाठवला, कारण तिथे घड्याळ चालू होते. जुन्या संभाषणाला रिप्लाय केला नाही. नवा मेल, नवा विषय. फॉरवर्ड तर मुळीच नाही, कारण फॉरवर्ड केला की जोडलेली फाइल पुन्हा सोबत जाते.

> विषय: काल चुकून आलेला मेल (PD/25-26/147) कृपया डिलीट करावा
>
> मा. लेखा विभाग प्रमुख यांस,
> सप्रेम नमस्कार.
>
> काल, ३० ऑक्टोबर रोजी सायंकाळी ५.४२ वाजता आमच्याकडून आपल्या पत्त्यावर PD/25-26/147 या क्रमांकाचे बिल आले आहे. ते बिल आपले नाही. दुसऱ्या ग्राहकाचे बिल आमच्या हातून चुकून आपल्या पत्त्यावर गेले. त्यापोटी आपण काहीही देणे लागत नाही आणि त्याची नोंद करू नये.
>
> तो मेल व सोबतची फाइल कृपया डिलीट करावी. ती आपल्या कार्यालयात पुढे कोणाला पाठवली असल्यास त्यांनाही तसे सांगावे, आणि डिलीट केल्याचे या मेलच्या उत्तरात कळवावे, ही विनंती.
>
> कालचा मेल आपल्या PD/25-26/141 या बिलाच्या संभाषणात आला असला तरी १४१ मध्ये कोणताही बदल नाही. ते बिल पूर्वीप्रमाणेच ग्राह्य आहे.
>
> आपल्याला विनाकारण पडलेल्या या कामाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

या मेलमध्ये माफी शेवटी आणि एकाच वाक्यात आहे, ते जाणून केले आहे. थोरलीचे नुकसान काही झाले नव्हते. तिला फक्त तीन गोष्टी कळायला हव्या होत्या की बिल तिचे नाही, ते काढून टाकायचे आहे आणि तिचे १४१ जसेच्या तसे आहे. तिसरे वाक्य मूळ मसुद्यात नव्हते. मालकांनी ते घालायला लावले, आणि त्यांचे बरोबर होते, कारण आमचे १ लाख ३६ हजार रुपये १४१ वर अडकलेले होते. दुसऱ्या ग्राहकाचे नाव मेलमध्ये लिहिलेले नाही. थोरलीने फाइल उघडली असेल तर तिला ते कळलेच होते. उघडली नसेल तर आमच्या माफीच्या मेलमधून ते कळण्याचे काही कारण नव्हते.

सव्वाबारा वाजता उत्तर आले: "डिलीट केले. १४१ पुढच्या आठवड्यात." फाइल उघडली होती का, हे आम्ही विचारले नाही. विचारून मिळणाऱ्या उत्तराला अर्थ नसतो आणि विचारल्याने आत काहीतरी बघण्यासारखे होते एवढेच समजते.

धाकटीला गेलेला मेल

हा मेल लिहायला तासभर लागला. फोनवर मालकांनी आधीच माफी मागितली होती, तरीही मेल लागतोच, कारण लेखापाल आणि सीए मालकांचा फोन ऐकत नाहीत. बिल कोणते धरायचे ते त्यांच्यासाठी कागदावर असावे लागते.

> विषय: PD/25-26/147 रद्द, त्याऐवजी PD/25-26/150, रक्कम ₹८४,९६०
>
> सप्रेम नमस्कार.
>
> काल आपल्याला दिलेल्या PD/25-26/147 या बिलात दर चुकीचा लागला आहे. आपला ठरलेला दर प्रति संच १२,००० रुपये आहे आणि तो बदललेला नाही. जुन्या बिलाची नक्कल काढून नवे बिल करताना दर बदलायचा राहिला. ही चूक सर्वस्वी आमची आहे आणि तिच्याबद्दल आम्ही आपली मनापासून माफी मागतो.
>
> रद्द केलेले बिल: PD/25-26/147, दि. ३०/१०/२०२५, एकूण ₹१,०२,६६०
> ग्राह्य बिल: PD/25-26/150, दि. ३१/१०/२०२५, ६ संच, ₹७२,००० अधिक जीएसटी ₹१२,९६०, एकूण ₹८४,९६०
>
> १४७ ची छापील प्रत परत नेण्यासाठी आमचा माणूस आज दुपारी येईल आणि १५० ची सहीची प्रत देईल. १४७ ची नोंद आपल्या हिशेबात झालेली आढळल्यास कृपया कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे क्रेडिट नोट देता येईल. आमचे बँक खाते पूर्वीचेच आहे. त्यात काही बदल नाही.
>
> आणखी एक चूक आपल्याला सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. १४७ ची मेलवरची प्रत आपल्याकडे येण्याऐवजी काल सायंकाळी आमच्या दुसऱ्या एका ग्राहकाच्या लेखा विभागाकडे गेली. त्यात आपले नाव, जीएसटी क्रमांक, भागाचे नाव आणि ड्रॉइंग क्रमांक होता. आपला खरा दर त्यात नव्हता. ड्रॉइंगची फाइल सोबत नव्हती. त्यांनी मेल डिलीट केल्याचे आज दुपारी लेखी कळवले आहे.
>
> सोबत: PD-25-26-150.pdf

बँक खात्याचे वाक्य काहींना अनावश्यक वाटेल. 'आधीचे बिल रद्द, सोबत नवे बिल' अशा मेलच्या आडून खाते क्रमांक बदलून पैसे वळवून घेण्याची फसवणूक हल्ली लेखा विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. असा मेल आला की शहाणा कारकून आधी खाते बघतो. ते त्याला मेलमध्येच सांगितले आणि आधी फोनही झालेला असला, की तो अडून राहत नाही. फाइलच्या नावातही बिलाचा क्रमांकच ठेवला. 'new_final' अशा नावाची फाइल महिनाभराने कोणती ते पाठवणाऱ्यालाही ओळखता येत नाही. चुकीचे बिल तुलनेसाठी म्हणून पुन्हा जोडले नाही. दोन फाइली गेल्या की त्यातली एक चुकीची नोंदली जाते.

खरा वाद मेलच्या शेवटच्या परिच्छेदावर झाला. आमच्या मालकांचे म्हणणे होते की, थोरलीने डिलीट केले आहे, आता धाकटीला सांगून उगाच कशाला ओढवून घ्यायचे. मी म्हटले की, तो ड्रॉइंग क्रमांक धाकटीचाही नाही, तिच्या ग्राहकाचा आहे, आणि तो गुप्त ठेवण्याचे तिने लिहून दिले असेल तर तिला आज कळणे आणि चार महिन्यांनी तिसऱ्याकडून कळणे यात फार अंतर आहे. शिवाय शिरोलीत कोणाकडे कोणते काम चालू आहे ते चहाच्या गाड्यावर कळते. आपण सांगितले नाही तरी ते कळणारच, आणि तेव्हा दराची चूकही मुद्दाम केल्यासारखी दिसेल. मालक थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "लिव्हा." त्यांनी एकच अट घातली की, काय गेले नाही तेही लिहायचे. दर आणि ड्रॉइंगच्या फाइलीची वाक्ये त्यांची आहेत.

मेल गेल्यावर पंधरा मिनिटांत फोन आला. १७,७०० रुपयांचा विषय धाकटीच्या मालकांनी काढलाही नाही. "कुणाकडं गेलंय तेवढं सांगा की," एवढेच ते तीनदा म्हणाले. आम्ही नाव सांगितले नाही. आमचे ग्राहक कोण आहेत ही त्या ग्राहकांचीही खासगी बाब आहे, आणि एकाची माहिती फुटली म्हणून भरपाईदाखल दुसऱ्याची फोडणे मला तेव्हाही योग्य वाटले नाही, आजही वाटत नाही. त्यांना ते आवडले नाही. पण त्यांनी ओळखले असावे. शेवटी ते म्हणाले, "असू दे, कळलं मला," आणि फोन ठेवला.

पुढे

पोऱ्याने दुपारी १४७ ची छापील प्रत परत आणली. तिच्यावर आडवी रेघ मारून 'रद्द, पाहा १५०' असे लिहिले आणि ती आमच्या प्रतीला टाचून फाइलीत लावली. ११ नोव्हेंबरच्या आत भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये धाकटीच्या नावावर फक्त १५० दाखवले, आणि महिन्यात किती बिले काढली व किती रद्द झाली ते सांगायच्या तक्त्यात, म्हणजे १३ क्रमांकाच्या तक्त्यात, रद्द एक असे लिहिले. हा तक्ता अनेक जण घाईत भरतात आणि रद्द बिलांचा आकडा शून्य ठेवतात. मग विवरणात क्रमांकांची साखळी तुटलेली दिसते आणि तपासणीत कोणी विचारले की मधले बिल कुठे गेले, तर उत्तर शोधत बसावे लागते. १४ तारखेला धाकटीच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे खरेदीवरच्या कराचे तिला मिळणारे क्रेडिट दाखवणाऱ्या तक्त्यात, १२,९६० चेच क्रेडिट आले. चुकून १४७ भरले गेले असते तर तिथे १५,६६० दिसले असते आणि हातातले बिल १२,९६० चे असते. मग तिच्या लेखापालाला आमच्या माफीचा मेल पुरावा म्हणून शोधत बसावे लागले असते.

कार्यालयात दोन बदल झाले. टॅलीत प्रत्येक ग्राहकाची दरसूची वेगळी लावली, त्यामुळे नाव बदलल्यावर कोणता दर लागायला हवा ते समोर दिसते. नक्कल काढलेल्या बिलात जुना दर राहू शकतो, म्हणून छापण्याआधी तो एकदा ताडून पाहावाच लागतो. आणि बिलाच्या तपशिलात आता भागाचे नाव व ड्रॉइंग क्रमांक नसतो. 'पॅटर्न डिझाइन सेवा' आणि ग्राहकाचा ऑर्डर क्रमांक एवढेच असते. सेवेचे वर्णन म्हणून कायद्याला तेवढे पुरते.

धाकटीचे पैसे टीडीएस वजा होऊन वेळेवर आले. टीडीएस ७२,००० वरच कापलेला होता. पुढची ऑर्डरही आली, दर तोच, १२,०००. फरक इतकाच की त्या ऑर्डरवर भागाचे नाव नव्हते, मूळ ग्राहकाचा ड्रॉइंग क्रमांकही नव्हता. तिथे त्यांनी स्वतःचा चार आकडी कोड टाकला होता, आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीवर पांढरी पट्टी चिकटवून मग ते स्कॅन केलेले होते.